लिफ्टची एएमसी बंद झाली, मग जुलैचा खर्च वाढला कसा?

बी-५०४: जुलैच्या हिशोबात जुन्या लिफ्टवाल्याचे ८,००० दिसताहेत. जूनला ६,००० होते. १५ तारखेला कंत्राट संपवलं ना आपण? मग आकडा अर्ध्यावर यायला हवा, फुगला कसा?

ए-२०२ (खजिनदार): काका, सेवेचा खर्च ३,०००च आहे. वरचे ५,००० मुदतीआधी तोडल्याची कपात.

बी-५०४: पण ७३,००० तर गेल्या ऑक्टोबरलाच दिले होते. तेव्हाच खर्च संपला की!

ए-२०२ (खजिनदार): बँकेतून गेले, पण सेवा वर्षभर मिळायची होती. कंत्राट १२ ऑक्टोबर २०२४ ते ११ ऑक्टोबर २०२५, म्हणजे ३६५ दिवस, जीएसटी धरून दिवसाला २०० रुपये. ऑक्टोबरच्या वाट्याला २० दिवस आले, ४,०००. नोव्हेंबरला ६,०००, फेब्रुवारीला ५,६००. ३१ मार्चपर्यंत १७१ दिवसांचे ३४,२०० खर्ची पडले. उरलेले ३८,८०० ताळेबंदात ‘आगाऊ दिलेला खर्च’ म्हणून मालमत्तेच्या बाजूला गेले. एजीएममध्ये कुणीतरी ते शिल्लक समजून रंगकामाला मागितले होते, आठवतंय?

सी-१०१: सरळ बाराने भागून ६,०८३ का नाही धरले? दिवस कोण मोजत बसणार!

ए-२०२ (खजिनदार): ताई, मग ऑक्टोबरचे २० दिवस अख्ख्या महिन्याच्या भावाने लागले असते. दिवस शीट मोजतं. B1 मध्ये सुरुवात, B2 मध्ये शेवट, B3 मध्ये २००, A5 आणि B5 मध्ये महिन्याची पहिली नि शेवटची तारीख:

```
=MAX(0,MIN($B$2,B5)-MAX($B$1,A5)+1)*$B$3
```

त्या +1 वर लक्ष ठेवा, नाहीतर प्रत्येक महिन्यात एक दिवस गळतो. आणि B3 मध्ये भागाकाराचं सूत्र नको, २०० हा आकडाच टाका. सूत्र असेल तर रद्द केल्यावर B2 मध्ये १५ जुलै टाकताच दर वाढतो आणि मार्चपर्यंतचे ऑडिट झालेले महिनेसुद्धा बदलतात.

बी-५०४: बरं. मग रद्द केल्यावर उरले किती?

ए-२०२ (खजिनदार): १ एप्रिल ते १५ जुलै १०६ दिवस, २१,२००. ३८,८०० मधून ते वजा केले की १७,६००, म्हणजे राहिलेले ८८ दिवस. कंत्राटातल्या कलमानुसार ५,००० त्यांनी कापले, ते जुलैच्या खर्चात. १२,६०० परत यायचेत, ते आगाऊ खर्चातून काढून ‘येणे रक्कम’मध्ये टाकले. आगाऊ खाते शून्य झालं.

सी-१०१: ते ५,००० मागच्या महिन्यांत वाटून टाकले असते तर? एकदम डोळ्यात भरले नसते.

ए-२०२ (खजिनदार): त्या महिन्यांत सेवा ठरल्या भावानेच मिळाली. कपात तोडण्यामुळे लागली, म्हणून ज्या महिन्यात तोडलं त्याच महिन्यात.

बी-५०४: आणि १२,६०० बुडवले त्यांनी तर?

ए-२०२ (खजिनदार): परताव्याची रक्कम त्यांनी ईमेलवर मान्य केलीय, म्हणून येणे दाखवलं. नुसतं तोंडी असतं तर मी पूर्ण १७,६०० खर्चात टाकले असते आणि चेक आला त्या महिन्यात जमा दाखवली असती.