मदत हवी आहे: एका फोटोवरून सांगायचंय, कुत्रं पिसाळलंय की तोंडात हाड अडकलंय?

अंकुश_दारव्हा | शुक्रवार, सकाळी 8:40
लवकर उत्तर हवंय. मी नागपुरात पशुवैद्यकीयच्या चौथ्या वर्षाला आहे. गाव दारव्हा तालुक्यात. मामानं सकाळी एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "डाक्टर, पाय बरं, पिसायलं का नाई? पोट्टे लाठ्या घेऊन उभे हायत."
फोटो खाली जोडलाय. तपकिरी नर, बेवारस, हापशीच्या ओट्यावर बसलेला. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेची तार लोंबतेय, बरगड्या दिसतात. मामाचं म्हणणं, घशात हाड अडकलंय. बाकी गाव म्हणतं पिसाळलंय. मी जे सांगीन त्यावर ते कुत्र्याला मारणार किंवा सोडणार. दुसरा फोटो मिळणार नाही, तिथं रेंज येत-जात असते. तुम्हाला काय वाटतं?

कपाशीवाला | 8:52
भाऊ, हे विष हाय. सध्या फवारणी चालू हाय, डबे धुऱ्यावर पडून असतात, कुत्रं जाऊन चाटते. माह्या वावरात मागच्या साली दोन कुत्रे असेच लाळ गाळत मेले. 2017 मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, कुत्र्याचं काय घेऊन बसला. अॅट्रोपिन मार, लवकर मार.

छाया_प्रकाश | 9:03
डॉक्टर नाही, फोटोग्राफी करतो. ओट्यावर कुत्र्याची सावली त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब आहे. म्हणजे फोटो सकाळी लवकरचा किंवा संध्याकाळचा. उन्हानं धापा टाकतंय असं म्हणायला जागा नाही. बाहुल्या बारीक दिसतात, पण तोंडावर थेट ऊन आहे, त्यामुळे त्यावरून विषाचा अंदाज बांधू नका. आणि व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत हिरड्यांच्या रंगावर अजिबात विसंबू नका. मागचा चुन्याचा ओटासुद्धा पिवळा आलाय.

सायली_पुणे | 9:10
माझ्या लॅब्राडॉरचेही केस पाठीवरून गळतायत आणि तो खूप लाळ गाळतो. फोटो टाकू का? खोबरेल तेल लावलं तर चालेल?

जुना_दवाखाना | 9:26
पशुधन विकास अधिकारी म्हणून एकतीस वर्षं काढली, बरीचशी यवतमाळ-वाशीमकडे. अंकुश, सावलीचं निरीक्षण चांगलं आहे, ते धरून पुढे जाऊ.
धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या ओठांचे कोपरे मागे ओढलेले असतात. जीभ रुंद पसरलेली, टोक वर वळलेलं, आणि डोळे आपल्याकडे. तुझ्या फोटोत ओठ सैल लोंबतायत. जीभ एका बाजूला पडलीय, काळपट आहे, तिला माती आणि काडी चिकटलीय. ज्याला जीभ आत घेता येते तो मातीनं भरलेली जीभ बाहेर ठेवत नाही. म्हणजे जबडा मिटत नाही, एवढं हा फोटो सांगतो. का मिटत नाही, ते फोटो सांगत नाही.
हाड दाढांमध्ये किंवा टाळूला आडवं अडकलं की कुत्रं स्वस्थ बसत नाही. पुढच्या पायानं तोंड ओरबाडतं, जमिनीवर थोबाड घासतं. त्या पायांचे केस लाळेनं ओले, चिकट होतात. या फोटोत पुढचे पाय कोरडे आहेत. जबडा मोडला असता तर खालचा भाग एका बाजूला सरकलेला दिसला असता, इथं तो सरळ खाली लोंबतोय. दोन्ही गोष्टी हाडाच्या आणि माराच्या विरोधात जातात, पण पुरावा म्हणता येणार नाही.
आता ही उत्तरं दे. हे कधीपासून आहे? चालताना मागचे पाय लटपटतात का? भुंकण्याचा आवाज बदललाय का? पाणी प्यायला जातं का, आणि गेलं तर गिळता येतं का? आणि सगळ्यात आधी: त्याच्या तोंडाला कोणी हात लावलाय का?

अंकुश_दारव्हा | 9:41
मामाशी बोललो. बुधवारपासून असंच आहे. चालतं, पण हळू. काल पाण्याच्या टाक्यात तोंड घालून उभं होतं, पाणी कमी झालं नाही. आवाज कोणीच ऐकला नाही. कोणाला चावलं नाही, त्यामुळे तो मुद्दा नाही. मला फक्त फोटोवरून निदान हवं होतं.

जुना_दवाखाना | 9:44
चावलं का, हे मी विचारलंच नाही. हात लावला का, हे विचारलं.

कपाशीवाला | 9:47
बुधवारपासून म्हंजे विष अंगात मुरलं. अजून वेळ हाय, अॅट्रोपिन.

जुना_दवाखाना | 9:58
भाऊ, तुमच्या वावरातली दोन कुत्री विषानंच गेली असतील, ते मी नाकारत नाही. पण त्या औषधाचा झटका काही तासांत येतो. अंग थरथरतं, उलटी-जुलाब होतात, श्वास घरघरतो. दोन दिवसांत कुत्रं मरतं किंवा सावरतं. दोन दिवस फक्त जबडा लोंबवून ओट्यावर बसून राहत नाही. आणि अॅट्रोपिन टोचायला त्याला धरावं लागेल. कोण धरणार?

अंकुश_दारव्हा | 10:15
काल संध्याकाळी मामेभावानं हाड काढायला त्याच्या तोंडात हात घातला होता. नऊ वर्षांचा आहे. मामानंच कुत्र्याची मान धरली होती. हाड काही सापडलं नाही. पोराच्या बोटांना दात घासले, थोडं रक्त आलं, मामीनं हळद लावली. कुत्रं गुरगुरलंही नाही, म्हणून मी हे आधी लिहिलं नाही. मामा म्हणतो, चावलेलं नाही.

नर्सताई_घाटंजी | 10:19
अंकुशभाऊ, धागा बाजूला ठेवा आणि मामांना फोन लावा. दात घासून रक्त आलं म्हणजे कातडी फुटली आणि लाळ आत गेली. ते चावल्यासारखंच धरतात, तिसरी श्रेणी. आत्ता नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं हात धुवायला सांगा. काल झालं असलं तरी धुवायचं. हळद काढून टाका, वर पट्टी बांधू नका, टाके तर नकोच. मग आजच रुग्णालयात. लस तर हवीच, पण जखमेत टोचायचं सिरमही हवं. नुसती लस घेऊन परत पाठवलं तर सिरम कुठे मिळेल हे विचारल्याशिवाय उठू नका. मामांच्या हाताला भेगा असतील आणि लाळ लागली असेल तर त्यांनीही लस घ्यायची.

विनायकराव | 10:31
पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, लेकराचे हाल होतील. आमच्याकडे जखमेत लाल तिखट भरायचे, माझ्या आजोबांना काही झालं नाही. आधी दहा दिवस कुत्रं बघा. मेलं तरच सुया.

नर्सताई_घाटंजी | 10:38
काका, पोटातली ती लस बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडाला देतात. कातडीतली असेल तर सुरू केली तो दिवस शून्य धरून, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. तिखटानं जखम आणखी सोलते, विषाणूला रस्ताच मिळतो. आणि दहा दिवस बघायचं ते लस सुरू करून बघायचं. कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर डॉक्टर पुढचे डोस कमी करतात. हे कुत्रं तर आजच धडधाकट नाही.

जुना_दवाखाना | 10:50
ताईंनी लिहिलं त्यात मला काही जोडायचं नाही. अंकुश, तुला एवढंच सांगतो, गुरगुरलं नाही म्हणून तू निर्धास्त झालास. मुक्या रेबीजमध्ये कुत्रं गुरगुरत नाही, अंगावर येत नाही. जबडा लुळा पडतो, गिळता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं घशात काही अडकलंय. मीही नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गायीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला होता. मालक म्हणाला, आंब्याची कोय अडकलीय. गाय चौथ्या दिवशी मेली. मी लसीचा पूर्ण कोर्स घेतला, त्या मालकाला आणि त्याच्या दोन्ही मुलांनाही घ्यायला लावला.
हा फोटो बघून रेबीज आहे असं मी म्हणणार नाही. नाही असंही म्हणणार नाही. पोराचा इलाज त्या उत्तरावर थांबवायचा नाही.
आणि लाठ्यावाल्यांना सांग, डोकं फोडू नका. नक्की निदान होतं ते मेंदूच्या नमुन्यावरून. डोक्याचा चेंदामेंदा झाला की तपासायला काही उरत नाही, शिवाय रक्त-लाळ अंगावर उडते ते वेगळंच. 1962 वर फिरत्या पथकाला फोन करा. तोवर जाळीचं दार असलेल्या खोलीत लांबून कोंडता आलं तर कोंडा, नाहीतर लेकरं घरात ठेवा.

गावकट्टा | 11:20
ग्रामपंचायतीनं नसबंदी आणि लसीकरण केलं असतं तर ही वेळच आली नसती. 2023 च्या नियमांत स्थानिक संस्थांवर ती जबाबदारी टाकली आहे. आमच्या सरपंचाला तीनदा अर्ज दिला.

विनायकराव | 11:26
शहरातली माणसं भाकरी घालतात म्हणून कुत्री वाढतात.

गावकट्टा | 11:31
इथं खेड्याबद्दल बोलणं चालू आहे, काका.

सायली_पुणे | 11:40
माझ्या प्रश्नाचं कोणी उत्तर देईल का?

जुना_दवाखाना | 11:52
सायलीताई, वेगळा धागा काढा, तिथं बघतो. तेल लावू नका, आधी कातडी खरवडून तपासून घ्या.

अंकुश_दारव्हा | शुक्रवार, रात्री 9:05
तालुक्याला लस मिळाली, सिरम नव्हतं. मामा पोराला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेला. संध्याकाळी सिरम बोटांच्या जखमांभोवती टोचलं. पोरगं खूप रडलं म्हणे. मामानंही लस घेतली. मामीनं तिचं काय ते विचारलं. तिनं हळद लावताना रक्त पुसलं होतं, लाळेला हात लागला नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी तिला गरज नाही म्हणून सांगितलं.
कुत्रं दुपारी नाल्याकडे निघून गेलं. पथक येईस्तोवर दिसलं नाही. कोणी मारलं नाही, एवढं मामानं सांभाळलं.

कपाशीवाला | शनिवार, सकाळी 7:15
पोट्टं बरं हाय ना? कुत्र्याचं म्हणशीन तं मी अजूनही विषच म्हणतो. पण सुया घेतल्या ते बरं केलं.

अंकुश_दारव्हा | सोमवार, सकाळी 10:30
आज दुसरा डोस झाला. शेजारच्या गावातल्या एकानं तपकिरी कुत्रं टाक्यावर पाणी पिताना पाहिलं म्हणे. मामा विचारतो, पीत असेल तर बरं झालं समजून पुढचे डोस सोडायचे का?

जुना_दवाखाना | 10:48
तपकिरी कुत्री प्रत्येक गावात आहेत. तेच आहे हे ओळखणारं कोणी आहे का? कानाला चिर, शेपटीला खूण, काही? नसेल तर ते कुत्रं हरवलं असंच धरायचं, आणि कोर्स पुरा.

अंकुश_दारव्हा | 11:20
खूण कोणालाच आठवत नाही. मी फोटो मोठा करून पाहिला, डावा कान सावलीत आहे.
हापशीजवळ एक पांढरी कुत्री आणि तिची चार पिल्लं राहतात. गेल्या आठवड्यात तपकिरी तिच्याशी भांडला होता, हे मामाला आज आठवलं. त्यानं लगेच तिचा फोटो पाठवून विचारलं, "हे बरी दिसते का?" मी त्याला कळवलंय की फोटोवरून सांगणार नाही. चालतानाचा, पाणी पितानाचा व्हिडिओ लांबून काढ, अंगावर चावा दिसतो का बघ, आणि पिल्लांना कोणकोणत्या लेकरांनी उचललंय त्यांची नावं लिहून ठेव. पथकाला पुन्हा फोन केलाय, उद्या सकाळी येतो म्हणाले.