ऊर्जेचा ऱ्हास, व्यय की घट? (खाजनाच्या अन्नजाळ्यावरून)

फोंड्याची बाई
आमचा पर्यावरणाचा धडा इंग्रजीत आहे, पण मुलांचे आजी-आजोबा अभ्यास घेतात ते मराठीतून. त्यांच्यासाठी मी प्रश्नांचा एक मराठी संच करते आहे. प्रश्न असा: खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या, अन्नजाळ्यात प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा ‘लॉस’ का होतो? जुन्या संचात ‘ऊर्जा नष्ट होते’ असं छापलेलं होतं. एका आजोबांनी तो परत पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ऊर्जा नष्ट होत नाही असं तुम्हीच विज्ञानात शिकवता ना?’ आजोबांचं म्हणणं बरोबर आहे. मग काय लिहू? ऱ्हास, व्यय, की हानी?

म्हापशाचा व्याकरणी
व्यय. संस्कृतात ‘वि’ अधिक ‘इ’, म्हणजे निघून जाणे. नाहीसं होणं त्यात नाही, नुसतं जाणं आहे. कुंडलीतलं बारावं स्थान व्ययाचंच. ऱ्हास लिहू नका. ह्रस्व ज्या धातूचा, ऱ्हासही त्याचाच, म्हणजे आखूड होणे. ऊर्जा आखूड होत नाही.

खांबावरचा
मी आयुष्यभर वीजवाहिन्यांवर काम केलं. आमच्याकडे याला गळती म्हणतात. वाहिनी तापते, वीज वाटेत संपते, घरी पोचते ती कमी. आकडे टाकूनच कोण खातं ते वेगळं. मुलांना गळती लगेच कळेल.

मडगावचा खोबरेवाला
आमच्याकडे घट. ओलं खोबरं सुकत टाकलं की वजन उतरतं, ते कुणी चोरलेलं नसतं. वहीत घट म्हणूनच मांडतो. बाईंनी तेच लिहावं.

डिचोलीचा निवृत्त
शब्द नंतर ठरवू. आधी बाईंनी सांगावं, कुठली ऊर्जा म्हणता? या एका ‘लॉस’मध्ये तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

खाजनातलं सुंगट, म्हणजे कोळंबी, घ्या. त्याच्यासमोरचं सगळं अन्न ते खात नाही, काही तसंच राहतं. खाल्लेलं सगळं पचत नाही, काही विष्ठेतून बाहेर पडतं. पचलेल्यातलं बरंचसं हालचालीत आणि श्वसनात जातं आणि शेवटी त्याची उष्णता होते. उरतं तेवढंच सुंगटाचं मांस आणि अंडी. पुढच्या प्राण्याला मिळतं ते हेच.

आता पहिल्या दोन गोष्टी अन्नजाळ्याबाहेर गेल्या का? अजिबात नाहीत. खारफुटीचं ताजं पान फार थोडे प्राणी खातात, टॅनिनमुळे ते तुरट असतं. बहुतेक पानं गळतात, पाण्यात कुजतात, बुरशी आणि जिवाणू त्यांवर वाढतात, आणि मग तोच चोथा सुंगटं, कुर्ल्या म्हणजे खेकडे, आणि शेवटे मासे खातात. खाजनाचा संसार चालतो तो मुख्यतः या वाटेने. ‘गळालेलं पान म्हणजे वाया गेलेली ऊर्जा’ असं मुलाने लिहिलं तर ते चूक आहे. परत न येणारी फक्त उष्णता. झाडाला ती प्रकाशासारखी वापरता येत नाही.

म्हापशाचा व्याकरणी
म्हणजे व्ययच की.

डिचोलीचा निवृत्त
उष्णतेपुरता व्यय चालेल. पण न खाल्लेल्या पानाला व्यय म्हणालात तर तुमच्या बाराव्या स्थानाला पुन्हा पहिलं घर मिळेल.

चोणकप्रेमी
पोरांना एवढं कशाला? १० टक्क्यांचा नियम लावा, खालच्या पायरीतले १० टक्केच वर जातात, आणि मोकळे व्हा. मी मुलाचा एक प्रश्न असाच सोडवला. सुंगटांत ६०० किलोकॅलरी, शेवट्यांत ४००. सुंगटं कुर्ली खाते आणि चोणक हा मोठा मासाही खातो. शेवटा चोणक खातो. कुर्लीही चोणक खातो. कुर्लीला ६०. चोणकाला सुंगटांचे ६०, शेवट्यांचे ४०, कुर्लीच्या ६० मधले ६. एकूण १०६. पुस्तकाच्या शेवटी उत्तर वेगळं दिलंय. छपाईची चूक असणार.

डिचोलीचा निवृत्त
किती दिलंय? ८२ का?

चोणकप्रेमी
तुम्हाला कसं कळलं?

डिचोलीचा निवृत्त
कारण सगळेच इथे अडकतात. तुम्ही सुंगटांतले ६० कुर्लीला दिले आणि तेच ६० पुन्हा चोणकालाही दिले. म्हणजे सुंगटांकडून २० टक्के वर गेले. १० टक्के हे वरच्या सगळ्यांचं मिळून आहे, प्रत्येक खाणाऱ्याचं वेगळं नाही. साखळीत खाणारा एकच असतो म्हणून ही भानगड तिथे दिसत नाही. जाळं आलं की वाटणी करावीच लागते.

तुमच्या पुस्तकात वाटणी कुठेतरी दिलेली असणार, वाचा. माझा अंदाज असा, की ६० पैकी २० कुर्लीकडे आणि ४० चोणकाकडे. मग कुर्लीच्या २० मधले २ चोणकाला. ४०, ४० आणि २, झाले ८२. ताळा सोपा आहे: सुंगटांवरून थेट वर गेलेल्यांची बेरीज ६० च्या पुढे गेली तर गणित चुकलं.

चोणकप्रेमी
हो, ‘सुंगटांचा एक तृतीयांश भाग कुर्ल्या घेतात’ असं आहे. बारीक अक्षरात.

फोंड्याची बाई
हा प्रश्न माझ्या संचात घेते. पण मग तो १० टक्क्यांचा नियम म्हणायचा का? वर्गात एक मुलगी विचारत होती, नेहमी दहाच कसे?

डिचोलीचा निवृत्त
तिचा संशय खरा आहे. हॉवर्ड ओडमने १९५७ साली फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचे आकडे छापले. वर्षाला चौरस मीटरमागे वनस्पतींचं निव्वळ उत्पादन ८,८३३ किलोकॅलरी, शाकाहारी प्राण्यांचं १,४७८, त्यांना खाणाऱ्यांचं ६७, अगदी वरच्यांचं ६. पहिल्या पायरीवर साधारण १७ टक्के, दुसऱ्यावर साडेचार, तिसऱ्यावर नऊ. एकाही पायरीवर नेमके दहा नाहीत. परीक्षेत १० धरा, पण प्रश्नात ‘समजा १० टक्के’ असं लिहा. ‘नेहमी’ लिहू नका.

खांबावरचा
मग किलोभर मांसामागे कोंबडीपेक्षा माशाला खाद्य कमी लागतं, ते यामुळेच का?

डिचोलीचा निवृत्त
बऱ्याच अंशी. कोंबडीला अंग गरम ठेवायला अन्न जाळावं लागतं, माशाला नाही. म्हणून पक्षी आणि सस्तन प्राण्यांत मांस बनण्याचं प्रमाण फार कमी, मासे आणि किड्यांत जास्त.

मडगावचा खोबरेवाला
पण मग ‘घट’च लिहा ना. उष्णता, विष्ठा, उरलेलं, सगळं त्यात बसतं.

म्हापशाचा व्याकरणी
घट म्हणजे मडकंही होतं. मुलं खाजनात मडकं शोधतील.

चोणकप्रेमी
वाद तुम्ही घाला. मला एक सांगा, चोणक मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, आत येतो तो सुंगटांच्या मागे येतो की शेवट्यांच्या?

डिचोलीचा निवृत्त
भरतीला मानस उघडली की पाण्याबरोबर जे येईल ते येतं. मोठा होईपर्यंत दोन्ही खातो.

चोणकप्रेमी
आमच्या गावात शेवटा नाही, शेवटो म्हणतात.

म्हापशाचा व्याकरणी
कोंकणीत. मराठीत शेवटाच.

चोणकप्रेमी
मासा कुठल्या भाषेतला ते आधी ठरवा.