भोवऱ्यांची जोडी 'सरकते', 'वाहते' की 'ढकलत जाते'?

चिंचपेटी: भाषांतर करतेय, एका वाक्यावर अडलेय. शेजारी शेजारी दोन भोवरे, जोर सारखा पण फिरणं एकमेकांच्या उलट, आणि ही जोडी सरळ रेषेत पुढे जाते, एवढंच आहे. मी लिहिलं 'जोडी वाहत पुढे जाते'. संपादकांनी ते खोडून 'एकमेकांना ढकलत पुढे सरकते' केलंय. त्यांचं म्हणणं टाकीतलं पाणी तर स्थिर, मग वाहणार कशात? तेही चूक वाटत नाही, पण ते 'ढकलत' मला काही केल्या पटत नाहीये. तुम्ही काय लिहाल?

आगाऊ कार्टं: आम्ही दोन भोवरे शेजारी फिरवायचो तेव्हा लागले की एक इकडे उडायचा एक तिकडे. जोडीनं पुढे जाताना कधी बघितलं नाही ब्वा. जाळी कुठली वापरलीय?

चिंचपेटी: अरे पाण्यातले रे.

शब्दनिष्ठ: म्हणूनच 'भोवरा' नको. खेळणं, डोक्यावरच्या केसांचा, नदीतला, सगळ्याला एकच शब्द. 'आवर्त' लिहा, जोडीला 'आवर्तयुग्म'. शास्त्रीय मजकुराला शास्त्रीय शब्द हवा.

खाडीकर: आवर्तयुग्म कोण वाचणार? आमच्या खाडीत भोवराच म्हणतात. आणि एक सांगू, भोवरा कुठे जातबित नाही. आमच्याकडे खडकाजवळ एक आहे तो आजोबांच्या वेळेपासून तिथंच, ओहोटीला होडी त्याच्या अंगावरून कोणी नेत नाही. त्यामुळे 'पुढे जातो' हेच मुळात विचित्र वाटतं.

पाणलोट: खाडीकर, तो जागेवर असतो कारण खडक त्याला रोज नव्यानं घडवतो. इथला प्रश्न सुट्या भोवऱ्यांचा आहे. सुटा भोवरा एकटा असेल, आसपास भिंत नसेल आणि पाणी स्थिर असेल तर तोही जागेवरच फिरत बसतो, स्वतःच्या फिरण्यानं स्वतःला हलवू शकत नाही. दुसरा शेजारी आला की मामला बदलतो.

कऱ्हाकाठ: सोपं आहे की, दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकली की उलटी फिरतात, तसंच. मधलं पाणी दोघं मिळून एकाच बाजूला फेकतात आणि त्याच्या धक्क्यानं जोडी जाते. म्हणजे 'ढकलत' बरोबर, संपादकांना पैकीच्या पैकी.

पाणलोट: मधलं पाणी एकाच दिशेनं धावतं, हे एकदम बरोबर. पण धक्क्यानं ढकललं असतं तर जोडी उलट्या दिशेला गेली असती ना, बोटीचा पंखा पाणी मागे फेकतो तेव्हा बोट पुढे जाते. जोडी तर मधलं पाणी जिकडे धावतं तिकडेच जाते. डावा भोवरा घड्याळाच्या उलट फिरतोय, त्याच्या उजव्या अंगाचं पाणी पुढे चाललंय आणि उजवा भोवरा नेमका त्याच पाण्यात बसलाय, म्हणून तो पुढे जातो. उजव्याच्या डाव्या अंगाचं पाणीही पुढेच, त्यात डावा बसलाय. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पाण्यात वाहतो, स्वतःच्या नाही. दोघांचा वेग सारखा म्हणून अंतर बदलत नाही आणि वाट सरळ राहते. दोन्ही एकाच दिशेनं फिरणारे असते तर एकाला पुढची ढकल आणि दुसऱ्याला मागची, मग एकमेकांभोवती फिरत राहिले असते. 'वाहत' ला माझं मत.

कऱ्हाकाठ: 'एकाला पुढची ढकल'! बघा, तुम्हीच ढकल म्हणालात 😄

पाणलोट: बोलताना म्हणतो हो, छापायला नको.

मावशीचा_ओटा: मी हे बघितलंय! नातवंडांना घेऊन पोहायच्या तलावावर गेले होते, तिथल्या पोरानं जेवायची ताटली अर्धी पाण्यात बुडवून पुढे ओढली आणि झटकन वर काढली, तर पाण्यावर दोन खळगे उठले आणि ते दोघं शेजारी शेजारी चालत पार पलीकडे गेले, तळाला दोन काळ्या गोल सावल्या. मला तर 'चालतात' हाच शब्द सुचतो. पण मग ते पाणी पण त्यांच्याबरोबर जातं का, की लाटेसारखं नुसता आकार पुढे जातो?

पाणलोट: हा खरा प्रश्न, कारण क्रियापद त्यावरच ठरेल. लाटेत पाणी जवळपास जागच्या जागी, इथे तसं नाही. जोडीभोवती पाण्याचा एक लंबगोल तुकडा असतो तो तिच्याबरोबरच जातो, बाहेरचं पाणी बाजूनं सरकून वाट देतं. आडवा तो भोवऱ्यांमधल्या अंतराच्या जरा दुपटीहून मोठा आणि जाण्याच्या दिशेत पावणेदोन पट. अंतर b आणि भोवऱ्याचा जोर Γ, तर वेग `U = Γ/(2πb)`.

समजा तुमचे खळगे 15 सेंमी अंतरावर होते आणि सेकंदाला 10 सेंमी गेले. मग बरोब्बर मध्यावरचं पाणी चौपट वेगानं, 40 सेंमीनं, धावत असणार. कारण मध्यापासून भोवरा निम्म्याच अंतरावर आहे म्हणून दुप्पट, आणि दोघांचं मिळून परत दुप्पट. मध्ये कागदाचा कपटा टाका, तो जोडीच्या पुढे धावेल, मग तुकड्याच्या टोकाशी बाजूला वळेल, भोवऱ्याच्या बाहेरून मागे पडेल आणि मागून परत मध्ये शिरेल. म्हणजे सुटणार नाही, आत फिरत फिरत बरोबर जाईल. अर्थात ताटलीचे दोन भोवरे खरं तर खाली एकमेकांना जोडलेले असतात, पाण्याखाली अर्ध्या कड्यासारखी एकच कमान, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळायचे नाहीत.

मावशीचा_ओटा: आमचे मात्र वळले हो, सरळ नाही गेले. दुसऱ्यांदा एका बाजूला गोल गेले आणि काठाला लागले.

पाणलोट: ताटली तिरकी ओढली गेली असेल. एक भोवरा जोरदार आणि एक कमजोर झाला की कमजोर जास्त वेगानं नेला जातो आणि जोडी जोरदाराच्या बाजूला वळते. जोर 2 ला 1 असेल तर वर्तुळाचं केंद्र जोरदाराच्या पलीकडे, दोघांत जेवढं अंतर तेवढंच लांब.

कऱ्हाकाठ: आणि काठाला लागल्यावर मोडले, की परतले?

पाणलोट: समोरासमोर भिंतीवर गेली तर जोडी फुटते, एक भिंतीच्या कडेनं डावीकडे, दुसरा उजवीकडे. गणितात भिंतीपलीकडे उलट फिरणारी प्रतिमा धरतात, मग प्रत्येक भोवऱ्याची आपल्या प्रतिमेबरोबर नवी जोडी जमते. विमानामागे हेच होतं. पंखांच्या टोकांकडून निघालेली जोडी खाली येते, आणि पंखांचा पसारा 60 मीटर असलेल्या विमानाचे भोवरे साधारण 47 मीटर अंतरावर आणि Γ 500 धरला तर सेकंदाला 1.7 मीटर. जमिनीपाशी ते फाकतात, आणि बाजूनं मंद वारा असेल तर त्यातला एक धावपट्टीवरच थांबून राहू शकतो. पुढच्या विमानाला वाट बघायला लावतात ती त्यासाठीच. खऱ्या हवेत मात्र जमिनीलगतच्या थरातून नवे छोटे भोवरे सुटतात आणि मोठे पुन्हा थोडे वर उचलले जातात, ते भोवऱ्याला नुसता एक बिंदू धरणाऱ्या या गणितात येत नाही.

शब्दनिष्ठ: 'फाकतात' ऐवजी 'अपसरतात' लिहा.

खाडीकर: नको!! फाकतात झकास आहे.

शब्दनिष्ठ: बरं, भोवरा हा तरी 'भ्रमर' वरून आलेला, म्हणजे मूळ संस्कृतच.

आगाऊ कार्टं: भुंगा आणि भोवरा? भुंगा गोल फिरतो म्हणून? मला वाटायचं 'भोवती' वरून.

शब्दनिष्ठ: मुळात दोन्ही एकाच धातूकडे जातात, भ्रम्.

खाडीकर: आमच्याकडे 'भोवंड' म्हणतात चक्कर आली की.

चिंचपेटी: अहो, माझं वाक्य? 'एकमेकांच्या प्रवाहात वाहत पुढे जातात' असं करतेय. संपादक आता 'प्रवाह' ला नदी समजतील म्हणतात.

कऱ्हाकाठ: 'एकमेकांना नेत नेत'?

मावशीचा_ओटा: खाडीकर, तो खडकाजवळचा भोवरा भरतीला पण दिसतो का?

खाडीकर: नाही, भरतीला जातो तो. पण उलटा फिरताना दुसऱ्या बाजूला एक दिसतो बारका, तो लहानपणी मोठा वाटायचा.