मदत हवी आहे : फ्लॅट लावल्यावर कोपरे उजळ का होतात?

निशाचर
नमस्कार. शीतकरण नसलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्याने, दुर्बिणीतून, मृगातील तेजोमेघाची १२० सेकंदांची एक्स्पोजर आयएसओ १६०० वर घेतली आहेत. डार्क दुसऱ्या दिवशी खोलीत घेतले. ते वजा केल्यावर आकाशात सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके उमटले, म्हणून डार्क वगळून केवळ फ्लॅट लावून स्टॅक केले. आता मूळ चित्रात काळवंडलेले कोपरे मध्यापेक्षाही उजळ झाले असून धुळीची गडद वर्तुळे पांढुरकी दिसत आहेत. फ्लॅट त्याच रात्री, फोकस न हलवता, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून घेतले होते आणि हिस्टोग्राम साधारण मध्यावर होता. बायस फ्रेम नाहीत. फ्लॅट पुन्हा घ्यावे लागतील का?

रानवाट
कॅमेऱ्यातच दीर्घ एक्स्पोजरसाठी नॉइज कमी करण्याची सोय असते, ती सुरू ठेवावी. मी आकाशगंगेची छायाचित्रे तशीच घेतो आणि मला वेगळ्या डार्कची गरज पडलेली नाही.

कृत्तिका
रानवाट, त्या सोयीत कॅमेरा प्रत्येक चित्रानंतर तेवढ्याच वेळेचा एक डार्क घेतो, म्हणजे रात्रीचा निम्मा वेळ त्यातच जातो. शिवाय येथे प्रश्न कोपऱ्यांचा आहे.

निशाचर, फ्लॅट पुन्हा घेऊ नका, ते बहुधा उत्तम आहेत. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलच्या वाचनात एक ठरावीक आकडा मिळवून ठेवतो. अनेक १४ बिट कॅमेऱ्यांत तो २०४८ असतो. हा आकडा प्रकाशातून आलेला नसल्यामुळे कोपऱ्यात तो कमी होत नाही. आणि फ्लॅटने भागाकार करण्यापूर्वी तो काढला नाही, तर सगळे गणित बिघडते.

उदाहरणार्थ, मध्यावर आकाशाचा प्रकाश ४०० असेल आणि कोपऱ्यात ६० टक्केच पोहोचत असेल, तर तेथे तो २४० असेल. पण फाइलमधील वाचने २४४८ आणि २२८८ दिसतील. फ्लॅटमध्ये मध्यावर ६००० आणि कोपऱ्यात ३६०० प्रकाश असेल, तर वाचने ८०४८ आणि ५६४८ येतील, म्हणजे कोपऱ्याचे प्रमाण ०.६० ऐवजी ०.७० भासेल. आता २२८८ ला ०.७० ने भागले की सुमारे ३२६० येतात आणि मध्यावर मात्र २४४८ च राहतात. तुमचा उजळ कोपरा हाच आहे. दोन्हींतून २०४८ वजा केल्यास २४० भागिले ०.६० म्हणजे बरोबर ४०० येतात.

डार्कमध्ये हा आकडा असतोच, त्यामुळे डार्क वगळताना तुमच्या लाइटमधून तो वजा होण्याचा एकमेव मार्गही गेला. झाकण लावून, त्याच आयएसओवर, कॅमेऱ्याच्या सर्वांत कमी शटरवेळेचे काही बायस घ्या आणि त्यांची सरासरी लाइट व फ्लॅट दोन्हींतून वजा करा. फक्त लाइटमधून वजा केल्यास उलट होईल, कोपरे थोडे काळेच राहतील.

ध्रुवपद
बायसचे स्पष्टीकरण पटले. तरी डार्क सोडू नयेत. पन्नासएक डार्क घेतले की नॉइज जवळजवळ नाहीसा होतो.

कृत्तिका
अर्धे बरोबर आहे. डार्क अधिक घेतल्याने त्यांचा स्वतःचा यादृच्छिक नॉइज सरासरीत कमी होतो, त्यामुळे वजाबाकीतून चित्रात नवी भर कमी पडते. मात्र डार्क काढून टाकतो ते दर वेळी एकाच जागी येणारे, म्हणजे तप्त पिक्सेल आणि सेन्सरच्या कडेची चमक. आकाशाच्या प्रकाशातून येणारा दाणेदारपणा लाइटची संख्या वाढवूनच उतरतो, आणि चौपट लाइट घेतले तर तो निम्मा होतो.

काळ्या ठिपक्यांचे कारण तापमान असावे. सेन्सरमधील अंधारप्रवाह साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो. रात्री सेन्सर गार असताना लाइट घेतले आणि डार्क उबदार खोलीत घेतले, तर तप्त पिक्सेलमधून प्रत्यक्षापेक्षा जास्त वजा होते आणि तेथे खड्डा पडतो.

निशाचर
बायस घेऊन पुन्हा प्रक्रिया केली. एका लाइटवर माउस नेऊन पाहिले, कोपऱ्यात खरोखरच २३०० च्या आसपास वाचन आहे. उजळ कोपरे गेले, धुळीची वर्तुळेही गेली. मात्र स्टॅक ताणल्यावर पार्श्वभूमीत एकाच दिशेने वाहणाऱ्या रंगीत रेषा दिसतात. योग्य तापमानाच्या डार्कने त्या जातील का?

कृत्तिका
काही प्रमाणात जातील. आकाशाच्या तुलनेत कॅमेरा हळूहळू सरकत राहिला की तारे जुळवताना तप्त पिक्सेलची माळ तयार होते. दर दोन-तीन चित्रांनंतर दुर्बीण दहाबारा पिक्सेल, दर वेळी वेगळ्या दिशेला, मुद्दाम हलवली, तर स्टॅक करताना सिग्मा क्लिपिंग ते पिक्सेल बाजूला काढते. शीतकरण नसलेल्या कॅमेऱ्याला मी हेच करते आणि डार्क घेतच नाही.

ध्रुवपद
येथे माझे मत वेगळे आहे. माझ्या कॅमेऱ्यात उजव्या कडेला जांभळी चमक येते आणि दुर्बीण कितीही हलवली तरी ती जात नाही. त्यासाठी लाइट संपताच, कॅमेरा बाहेरच ठेवून आणि झाकण लावून डार्क घ्यावेच लागतात. निशाचर, तुमच्या एखाद्या डार्कला जोरदार ताणून त्याच्या कडा पाहा. तेथे चमक असेल तर दुर्बीण हलवणे पुरेसे होणार नाही.

निशाचर
खोलीतील डार्क आताच ताणून पाहिला. कडा स्वच्छ आहेत, पण खालच्या डाव्या कोपऱ्यात फिकट लालसर डाग आहे. हा गार तापमानालाही टिकतो का, हे बाहेर डार्क घेऊन पाहतो आणि चित्र येथे टाकतो.