मदत हवी आहे: पूर्वी पायात गुठळी झालेल्या वहिनीसाठी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडला पर्याय कोणता?

सर्वांना नमस्कार. माझी वहिनी फोंड्याला राहते. तिला पाळीत इतका रक्तस्राव होतो की पॅड तासाभरातच बदलावा लागतो आणि हिमोग्लोबिनही खाली आले आहे. डॉक्टरांनी मला याच त्रासासाठी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, जास्त स्राव सुरू झाल्यावरच आणि फार तर चार दिवस घ्यायला सांगितल्या होत्या, आणि मला त्यांचा चांगला उपयोग झाला. त्यामुळे तीही माझ्याच गोळ्या मागत होती.

परंतु बाळंतपणानंतर तिची डावी पोटरी सुजली होती, सोनोग्राफीत खोल शिरेत गुठळी दिसली होती आणि काही महिने रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालल्या होत्या. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड रक्त गोठवत नाही. तयार झालेली गुठळी विरघळवण्याची शरीराची क्रिया ते रोखते. गर्भाशयात हेच हवे असते, पण गोळीचा परिणाम सर्व शरीरात होतो, आणि पायात नवी गुठळी धरली तर तीही विरघळत नाही, वाढून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. म्हणून मी गोळ्या दिल्या नाहीत.

अशी गुठळी होऊन गेलेल्या कोणाला स्त्रीरोगतज्ज्ञांनी काय सुचवले? गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या कॉइलचा अनुभव कसा आहे? बांबोळीला दाखवताना आधी रक्तविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे का?