अनुभव धागा: दोघांच्या रेषा, एक देश

दांडियाबाजारची

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात वाढलेली. नवरा इंदूरचा. लग्नाला दीड वर्ष झालं. त्याच्या हातात श्टुटगार्टची ऑफर आहे आणि मोठे दीर टोरांटोजवळ असल्यामुळे कॅनडाची फाईलही अर्धी तयार आहे. मी फार्मसिस्ट, म्हणजे कुठेही गेले तरी परीक्षा माझ्याच डोक्यावर.

सासूबाईंच्या ओळखीच्या ज्योतिषांनी आम्हा दोघांच्या ग्रहरेषा जगाच्या नकाशावर काढून दिल्या. माझ्या पत्रिकेत अष्टमात पडलेला गुरू श्टुटगार्टला थेट दशमात जातो. नवऱ्याचा लाभातला शनी टोरांटोला चतुर्थात जाऊन बसतो. एवढं ऐकून अख्खं घर जर्मनीकडे झुकलं. दोन दिवसांनी सासूबाईंना दिसलं की नवऱ्याच्या मंगळाची सप्तमरेषाही जर्मनीतूनच जाते. तेव्हापासून रोज चहाबरोबर एकच वाक्य: "लग्नाच्या वेळी मंगळ नव्हता, आता विमानाचं तिकीट काढून लावून घ्यायचा का?"

ज्यांनी दोघांच्या रेषा किंवा स्थलांतर कुंडली, म्हणजे जन्माचा क्षण तोच ठेवून नव्या गावावरून मांडलेली पत्रिका, बघून देश ठरवला, त्यांनी लिहा. काय धरलं, काय सोडलं, आणि पुढे खरं काय झालं. नुसतं "श्रद्धा ठेवा" किंवा "हे थोतांड आहे" नको, दोन्ही घरी भरपूर मिळतंय.

कारेलीबाग_ते_मिसिसागा

आमची फजिती आधी सांगतो, म्हणजे तुमचं वाचेल. बायकोचा जन्म सकाळी 6:10, वडोदरा. मी सॉफ्टवेअरमध्ये गाव टोरांटो टाकलं, वेळ तीच 6:10 ठेवली आणि निघालेल्या कागदाला वर्षभर स्थलांतर कुंडली म्हणत फिरलो. शुक्राची महादशा आठ-नऊ वर्षं आधीच संपल्याचं दाखवत होता तो कागद. बायको म्हणाली, "मग माझं लग्न कुठल्या दशेत झालं?"

चूक अशी की मी तिला टोरांटोत जन्माला घातलं होतं. जन्माचा क्षण तोच राहिला पाहिजे, म्हणजे वडोदऱ्यात 6:10 वाजले तेव्हा टोरांटोत आदल्या संध्याकाळचे किती वाजले होते, ती वेळ. मी साडेदहा तास उशिराचं आकाश बघत होतो. तेवढ्यात चंद्र साडेपाच-सहा अंश पुढे जातो, म्हणून दशा बिघडली.

ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवा. चंद्राचे अंश तंतोतंत तेच आणि लग्न वेगळं, तर बरोबर. लग्न जवळपास तेच आणि चंद्र हललेला, तर माझ्यासारखं झालंय. दशा कुठल्याच देशात बदलत नाही.

बरोबर कुंडली निघाली तेव्हा आम्ही कॅनडात पोचलेलो होतो, त्यामुळे तिच्यावरून काही ठरवलं असं म्हणता येत नाही.

नाना_रावपुरा

ताई, दोन गोष्टी राहून जातात म्हणून लिहितो. एक, ही पद्धत पाश्चात्यांची, सायन. आपण निरयन. तेव्हा सुमारे 24 अंश अयनांश वजा करून रेषा सरकवून घ्या, नाहीतर गुरू भलत्याच देशात दिसेल. दुसरं, वडोदऱ्याची स्थानिक वेळ घड्याळाच्या 37 मिनिटं मागे असते. लग्न त्या वेळेवर काढतात. तीस वर्षं पंचांगावरून पत्रिका हाताने मांडल्या आहेत, म्हणून सांगतो. 37 मिनिटं आधी वजा करा, मग पुढचं.

भावमध्य

नाना, 37 मिनिटांचा हिशेब बरोबर आहे. वडोदरा 73.2 रेखांशावर, आपलं घड्याळ 82.5 वर लावलेलं. हाताने मांडताना ते करावंच लागतं. पण सॉफ्टवेअरला गाव सांगितलं की ते स्वतःच करतं. आपण आधी वजा करून दिलं तर दोनदा होतं. चार मिनिटांना एक अंश, म्हणजे 37 मिनिटांना सव्वानऊ अंश. ताईंचा गुरू श्टुटगार्टवरून उठून पोलंडमध्ये जाईल.

अयनांशाचं मात्र पटत नाही. रेषा राशीची नसते, ती ग्रहाची असते. जन्माच्या क्षणी गुरू पृथ्वीवर जिथे जिथे डोक्यावरच्या मध्यान्हवृत्तावर होता, ती ठिकाणं जोडली की दशमरेषा. जिथे उगवत होता ती लग्नरेषा, मावळत होता ती सप्तमरेषा, पायाखाली होता ती चतुर्थरेषा. तो गुरू मेषेत म्हणा की मीनेत, त्या क्षणी तो त्याच गावावर होता. जिम लुईसने 1970 च्या दशकात हे नकाशे लोकप्रिय केले, तो सायनवाला होता, पण रेषा दोघांच्या एकच येतात.

फरक पडतो तो कुंडलीत. श्टुटगार्टची राशीकुंडली मांडली तर हाच गुरू कदाचित नवमात दिसेल, आणि भावचलितात दशमात. त्या अक्षांशावर दशम भावमध्य लग्नापासून दहाव्याच राशीत पडेल असं नाही. म्हणून दोन ज्योतिषी दोन गोष्टी सांगतात आणि दोघंही खोटं बोलत नसतात. रेषेशी ताडायचं असेल तर भावचलित बघा.

आता सासूबाईंचा मंगळ. मंगळदोष जन्मलग्नावरून बघतात, काही जण चंद्र आणि शुक्रावरूनही. स्थलांतराच्या लग्नावरून मंगळदोष काढायची रीत मला कुठे आढळलेली नाही. रेषावाले सप्तमरेषेवरच्या मंगळाला जोडीदाराशी खटके, चढाओढ असं म्हणतात, ते वेगळं. ती रेषा जर्मनीत नेमकी कुठून जाते?

दांडियाबाजारची

ड्रेस्डेनवरून. नवऱ्याची जन्मवेळ पक्की आहे, दाखल्यावर आहे.

भावमध्य

म्हणजे श्टुटगार्टपासून सरळ चारशे किलोमीटर ईशान्येला. किती अंतरापर्यंत रेषा धरायची यावर एकमत नाही. कोणी तीनशे म्हणतं, कोणी हजार. मी तीनशेच्या पुढे धरत नाही, पण ही माझी सवय आहे, नियम नव्हे.

सेवउसळ_जादा_तिखट

हजार किलोमीटर धरले तर मग सगळंच आलं ना! दहा ग्रह, प्रत्येकाच्या चार रेषा, म्हणजे एकाच्या चाळीस आणि नवराबायकोच्या ऐंशी. त्यात असा देश शोधून दाखवा जिथे काहीच लागत नाही.

आणि दशमरेषा तर उभी सरळ, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत. श्टुटगार्टवरची हीच रेषा खाली मिलानवरून जाते, मग ट्युनिशिया, मग नायजेरिया. ताईंना नायजेरियातही तोच गुरू दशमात मिळेल. तिथे जायचं कोणी म्हणत नाही, कारण देश आधीच ठरलेला असतो. मी श्टुटगार्टपासून दीड तासावर राहतो. इथे ब्ल्यू कार्डवाल्याला बी वन भाषा आली की 21 महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो. तुमच्या गुरूपेक्षा ते जर्मन क्रियापद जास्त छळतं.

मांजलपूरची_आई

माझ्या मुलाचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आठ महिने अडकलाय. रेषेवरून महिना सांगता येतो का? जन्म 14 तारखेचा, रात्रीचा. घराचं दार दक्षिणेला आहे, त्यामुळे असेल का?

भावमध्य

आई, रेषा जागा सांगते, महिना नाही. त्यासाठी दशा-गोचर बघावं लागेल. दाराचं मला कळत नाही.

गल्फ_रिटर्न

आम्ही दोघंही वडोदऱ्याचे, नऊ वर्षं दुबईला काढली. जाण्यापूर्वी नकाशा काढला होता. माझी शनीची दशमरेषा दुबईवरून, बायकोची शुक्राची कुठली तरी रेषा मस्कतजवळून. तिला वाटलं मजा येणार, मला वाटलं मरणार. प्रत्यक्षात मी रोज बारा तास राबलो आणि त्यातूनच इथे वासणा रोडचा फ्लॅट झाला. तिला नोकरी मिळाली नाही, सहा वर्षं घरात एसीत बसून तिने काढली. ती आजही म्हणते, "तुझ्या शनीने घर दिलं आणि माझ्या शुक्राने एसी."

एक मात्र सांगतो. दुबई आपल्यापासून जेमतेम 18 अंश पश्चिमेला. लग्न हललं तर फार तर एका राशीने. मी "गल्फला गेल्यावर पत्रिका पालटते" अशा समजुतीत होतो, ते काही झालं नाही.

दांडियाबाजारची

काल आईच्या कपाटातून एक जुनं कार्ड निघालं. आई आजवर "साडेनऊच्या सुमारास" सांगत आली, आणि नकाशाही त्यावरच काढलाय. कार्डावर निळ्या शाईत 9:52 आहे. पाचाचा आकडा आधी दुसरा काहीतरी होता, त्यावर गिरवलाय. आता?

भावमध्य

22 मिनिटं म्हणजे साडेपाच अंश. जन्म उशिराचा धरला की सगळ्या रेषा पश्चिमेला सरकतात. त्या अक्षांशावर एक अंश साधारण 73 किलोमीटर, म्हणजे चारशे किलोमीटर. गुरू श्टुटगार्ट सोडून बेल्जियममध्ये गेंटवर आला. अख्ख्या जर्मनीची रुंदी साधारण नऊ अंश आहे, म्हणजे जन्मवेळेतल्या 36 मिनिटांत देश संपतो. "सुमारास" या शब्दावर देश ठरवू नये असं मी म्हणतो ते यासाठी. कार्डावरची वेळ जन्माची की नोंदीची, ते आधी शोधा.

कारेलीबाग_ते_मिसिसागा

दोघांची मिळून एक कुंडली करतात ना? तिच्या रेषा काढल्या तर भांडणच मिटेल. सासूबाईंनाही एकच कागद.

भावमध्य

दोन प्रकार आहेत, गल्लत होते. एकात दोघांच्या ग्रहांचे मध्यबिंदू घेतात. त्या आकाशाला खरा क्षणच नसतो, तेव्हा ग्रह कुठे उगवत होता हा प्रश्नच उरत नाही. काही सॉफ्टवेअर तरी रेषा काढून देतात, मी त्या बघत नाही. दुसरा प्रकार डेव्हिसनचा. दोन जन्मांच्या मधोमधची तारीख-वेळ आणि दोन गावांच्या मधोमधची जागा. तो क्षण खरोखर येऊन गेलेला असतो, म्हणून त्याचा नकाशा काढता येतो. त्यात ताईंच्या 22 मिनिटांची चूक निम्मी होऊन 11 मिनिटांवर येते, पावणेतीन अंश. पण तरी चूकच.

आणि खरं सांगायचं तर जोडप्यांच्या बाबतीत डेव्हिसनचा नकाशा बोलतो की दोघांचे वेगळे नकाशे, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. माझ्या बहिणीच्या वेळी डेव्हिसनमध्ये शुक्र लग्नावर होता. दोन वर्षांत दोघं वेगळ्या शहरांत राहायला लागले.

नाना_रावपुरा

37 मिनिटांचं मान्य. अयनांशाचं अजून मनाला पटत नाही, पण उद्या एक पत्रिका दोन्ही रीतींनी मांडून बघतो.

दांडियाबाजारची

मावशीला फोन केला, ती आईसोबत दवाखान्यात होती. म्हणाली, "वेळ कोण बघतं गं? तुझे बाबा खाली चहा आणायला गेले, वर आले तर नर्स म्हणाली मुलगी झाली. चहा गार झाला म्हणून ते परत खाली गेले." बाबांना विचारलं तर ते म्हणतात चहा मावशीसाठीच आणला होता आणि तिने तो गरमच प्यायला.

ज्योतिषांना 9:52 कळवलं. त्यांनी नवा नकाशा काढायला शनिवारपर्यंत वेळ मागितलाय. सासूबाईंना गेंट कुठे आहे ते नकाशात दाखवलं, त्या म्हणाल्या, "तिथे ह्याला ऑफर आहे का?" नवऱ्याने मधल्या मध्ये जर्मनच्या क्लासची फी भरून टाकली, दोघांची.