खाज गराची की चिकाची?

"घरच्या कोरफडीचा ताजा गर लावला की चेहरा खाजतो, विकतच्या जेलने नाही. असं का?"

बहुतेकदा दोष गराचा नसतो, सालीलगतच्या पिवळ्या चिकाचा असतो. पंचवटीत आमच्या गच्चीवरच्या कोरफडीने माझीही हनुवटी लाल केली होती. आता पान कापलं की कापलेली बाजू खाली करून १५ मिनिटं वाटीत उभं ठेवते. तळाशी उग्र वासाचा पिवळा चीक साचतो. मग साल जाडसर काढून गर धुते. तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. तिथेही खाजलं तर कोरफडीचीच ॲलर्जी असू शकते, नाद सोडा.

उन्हाने तापलेल्या त्वचेला गार वाटतं, ओलावा टिकतो. डाग जातील ही आशा मात्र नको. उरलेला गर फ्रिजमध्ये, बंद डबीत, चार-पाच दिवस. गुलाबीसर झाला किंवा वास बदलला की मी तो सरळ फेकते.